‘दहा टक्के चालतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“मास्टर्सचा पेपर छापायचाय? घाबरू नका! १) यूजीसीच्या नियमात १० टक्के कॉपी चालते. २) रिस्पॉन्स कमी पडले तर उरलेले फॉर्म स्वतः भरा, नाहीतर टेबलमध्ये अंदाजे सरासरी टाका, कोण तपासतंय! ३) गाइड आणि एचओडी दोघांची नावं टाकावीच लागतात. ४) कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट विचारलं तर सरळ ‘नाही’ लिहा.”

हे माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरतंय, आणि ती गंभीरपणे मला विचारतेय की दुसरा मुद्दा ‘सेफ’ आहे का. म्हणून हा खटाटोप.

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीची यूजीसीची २०१८ची नियमावली यांच्यापैकी कुणी उघडलेली दिसत नाही. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, एवढं तिच्यात खरंच आहे. पण दंड नसणं म्हणजे परवानगी नव्हे. त्याच नियमावलीत पुढे म्हटलंय की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असताच कामा नये. सूट आहे ती सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणाऱ्या, सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला. ६००० शब्दांच्या पेपरचे १० टक्के म्हणजे ६०० शब्द. तेवढ्यात कुणाचा तरी अख्खा निष्कर्ष उचलता येतो आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवर आकडा हिरवाच राहतो. शिवाय नियमावलीची व्याख्या दुसऱ्याच्या कल्पनेलाही लागू आहे. मराठी पुस्तकातला युक्तिवाद इंग्रजीत उतरवलात तर सॉफ्टवेअर कदाचित शून्य टक्के दाखवेल, चोरी तेवढीच राहील. उलट संदर्भ देऊन केलेलं अवतरण मोजणीतून वगळलं जातं. अर्धसत्य एवढंच की प्रोजेक्ट रिपोर्ट आणि असाइनमेंट या नियमावलीत येत नाहीत. पण तोच प्रोजेक्ट पेपर म्हणून छापलात की येतो.

आता तो दुसरा मुद्दा. ‘कोण तपासतंय’ म्हणणाऱ्याला साधा भागाकार येत नाही. समजा २५ जणांनी एका प्रश्नाला १ ते ५ पैकी गुण दिले. गुण पूर्णांकात, म्हणजे बेरीजही पूर्णांकातच येणार. बेरीज ८६ असेल तर सरासरी ३.४४, ८७ असेल तर ३.४८. मधलं काही निघूच शकत नाही. टेबलमध्ये ‘सहभागी २५, सरासरी ३.४७’ असेल तर कुठेतरी गडबड आहे. याला ग्रिम चाचणी म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी ती २०१६ मध्ये मांडली. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. मर्यादा आहेत: दोन दशांश दिले असतील तर साधारण शंभरापेक्षा कमी सहभागींनाच ती लागू पडते. आणि आकडा न जुळणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. सहा जणांनी तो प्रश्न सोडला असेल तर १९ जणांत बेरीज ६६ येऊन ३.४७ अगदी नीट बसतं. म्हणून संपादक आधी मूळ शीट मागतो. खरं काम केलेल्याकडे ती असते.

फॉर्म स्वतः भरलेत तर गणित जुळेल, पण शीटच बोलेल. गुगल फॉर्म प्रत्येक उत्तराची वेळ नोंदवतो. सर्वेक्षण शेतकऱ्यांचं असेल तर रात्री एक वाजता मिनिटामिनिटाला एक ‘शेतकरी’ उत्तर देताना दिसतो. शिवाय प्रश्नावलीत मुद्दाम उलटे प्रश्न घातलेले असतात. ‘ऑनलाइन वर्ग आवडतात’ याला ४ देणारा खरा माणूस ‘ऑनलाइन वर्ग कंटाळवाणे वाटतात’ याला बहुधा २ देतो. घाईत भरणारा दोन्हीकडे ४ ठोकतो, आणि उलट्या प्रश्नांचे गुण पलटवून क्रोनबॅक अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा, काढला की तो घसरलेला दिसतो.

१०० हवे होते आणि ४३ मिळाले, तर ४३ लिहा. किती जणांना फॉर्म पाठवला होता तेही लिहा, आणि निष्कर्ष तेवढ्यापुरता ठेवा. छोट्या नमुन्याचा पेपर मागे घ्यावा लागत नाही, बनावट नमुन्याचा लागतो.

नावांचं थोडक्यात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती लेखकासाठी चार अटी घालते: आराखड्यात, माहितीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा; लेखन किंवा गंभीर दुरुस्ती; अंतिम मसुद्याला संमती; आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण हव्यात. बरेच गाइड त्यात बसतात, हे मान्य. एचओडी निव्वळ खुर्चीमुळे बसत नाहीत; त्यांची जागा आभारात. ‘टाकावीच लागतात’ हा नियम नाही, दबाव आहे, आणि विद्यार्थ्याला तो मोडणं सोपं नसतं हेही मला माहीत आहे. निदान कुणी काय केलं हे काम सुरू होतानाच ईमेलवर लिहून ठेवा.

चौथा मुद्दा तर उगाच अंगावर ओढवून घेण्याचा. हितसंबंध असणं हा दोष नाही, लपवणं हा आहे. ज्या कंपनीत इंटर्नशिप केली तिच्याच उत्पादनाची चाचणी घेतली असेल, तर ‘नमुने कंपनीने मोफत दिले, लेखिका तिथे इंटर्न होती, विश्लेषणात कंपनीचा सहभाग नव्हता’ एवढं लिहिलं की तो रकाना भरला.