कोजागरीचा चंद्र आणि पंचचं भोक

आमच्या घरात कोजागरीचं दूध आटवायचं काम बायकोचं आणि चंद्राचा फोटो काढायचं माझं. दूध दरवर्षी जमतं.

फोटोचं असं होतं. संध्याकाळी आम्ही सहकुटुंब रंकाळ्यावर जातो. शालिनी पॅलेसच्या बाजूला उभं राहून पूर्वेकडे बघितलं, की पाण्यापलीकडे गाव दिसतं आणि गावाच्या डोक्यावरून चंद्र वर येतो. परातीएवढा, केशरी, नुसता बघत राहावा असा. "अहो, काढा पटकन!" मी मोबाईल काढतो, बटण दाबतो. फोटोत काळं पाणी, इमारतींचे दिवे आणि त्यांच्यावर एक पांढरा ठिपका. मागच्या वर्षी मेव्हण्यानं तो फोटो बघून विचारलं होतं, "दाजी, ह्यातला चंद्र कुठला आणि म्युनिसिपालटीचा दिवा कुठला?"

मला वाटायचं मोबाईल भिकार आहे. म्हणून यंदा हप्त्यावर नवा घेतला. ठिपका जास्त स्पष्ट आला.

मग मात्र मी हिशेबाला बसलो. आकाशात चंद्राची रुंदी भरते सुमारे अर्धा अंश. माझ्या मोबाईलच्या साध्या लेन्सला एका वेळी जवळजवळ सत्तर अंशांचा देखावा दिसतो, आणि तो चार हजार बिंदूंच्या रुंदीत बसवला जातो. त्यात चंद्राच्या वाट्याला येतात पंचवीस-तीस बिंदू. म्हणजे मोबाईल खरं बोलत होता. हप्ते चालू आहेत.

"मग आम्हाला मोठा का दिसतोय?" बायकोनं विचारलं. प्रश्न मला होता, पण उत्तर मेव्हण्यानं दिलं. आमचा बंडू कुठल्याही प्रश्नाला थांबत नाही.

"सोप्पं आहे की. खाली हवा जाड असतीया. भिंगागत काम करती. चष्म्यातनं बघितल्यागत मोठा दिसतोय."

हे ऐकायला इतकं बरं वाटतं, की मीही चाळीस वर्षं तेच मानत होतो. पण हवा चंद्राशी जे करते ते वेगळंच आहे. क्षितिजाजवळ प्रकाश हवेतून वाकतो आणि चंद्र उचलल्यासारखा वर दिसतो. किती वर? तर चंद्राच्या एका रुंदीहून थोडा जास्तच. म्हणजे तो क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात अजून क्षितिजाखालीच असतो. शिवाय त्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे चंद्र उभ्या बाजूनं दाबला जातो. अगदी क्षितिजावर असताना साधारण सहावा हिस्सा उंची कमी होते. रुंदी मात्र वाढत नाही. थोडक्यात हवा त्याला फुगवत नाही, चपटा करते. केशरी रंग तेवढा तिचाच.

आणि गंमत म्हणजे उगवता चंद्र आपल्यापासून जरा लांबच असतो. कोल्हापुरात कोजागरीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास जवळजवळ डोक्यावर येतो. तोवर पृथ्वीनं फिरवून आपल्याला त्याच्या बाजूला आणलेलं असतं, आणि अंतर पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येनं, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर कमी झालेलं असतं. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर. म्हणजे फरक साठाव्या भागाचा. डोळ्याला कळणार नाही इतकाच, पण संध्याकाळचा चंद्र मोजला तर उलट इवलासा लहान.

"म्हणजे मोठा दिसतोय तो लहान आहे?" बंडू म्हणाला. "दाजी, दूध प्यायच्या आधीच?"

पैज लागली. सकाळची मिसळ, हरेल त्यानं सगळ्यांना द्यायची.

माझं हत्यार मी ऑफिसातून आणलं होतं, कागदाला भोक पाडायचा पंच. त्याचं भोक साधारण 6 मिलिमीटरचं असतं. आता एक आकडा लक्षात ठेवायचा, 110. कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या 110 पट अंतरावर ठेवली, की ती बरोबर चंद्राएवढी दिसते. 6 मिलिमीटरचे 110 पट म्हणजे 66 सेंटिमीटर, म्हणजे लांब केलेला हात. एक डोळा मिटायचा, भोक पडलेला कागद हात ताणून धरायचा आणि चंद्र भोकात पकडायचा. नजर चंद्रावर असल्यामुळे भोकाची कड जरा धूसर दिसते, पण काम भागतं.

इमारतींच्या वर आलेला परातीएवढा चंद्र मी भोकात पकडला. बसला! काठोकाठ. आणि परात कुठे गेली कळेना. कागदानं गाव झाकलं, पाणी झाकलं, दिवे झाकले, आणि मागे राहिला तो चंद्र एकदम रोजचा. कागद बाजूला केला की पुन्हा परात. बंडूनं तीनदा कागद लावला, तीनदा काढला, आणि पंचावर संशय घेतला.

त्याला म्हटलं, चंद्र फुगलेला दिसतो तो डोळ्यात नाही, डोक्यात. रस्त्यावर दहा मीटरवरचा माणूस वीस मीटरवर गेला की डोळ्यात त्याचं चित्र निम्मं होतं. पण आपण "अरे, हा बुटका झाला" असं म्हणत नाही. अंतर गृहीत धरून मेंदू आपोआप उंची भरून काढतो. आता चंद्राचं बघ. वर असताना आणि खाली असताना चित्र सारखंच. पण खाली बघताना मध्ये तळं, घरं, झाडं असतात, आणि "हे सगळं ओलांडून पलीकडे, म्हणजे फार लांब" असा मेंदूचा हिशेब होतो. डोक्यावर तसं काही नसतं. त्यामुळे आकाश आपल्याला अर्ध्या चेंडूसारखं गोल नाही, तर पालथ्या घातलेल्या उथळ कढईसारखं वाटतं; माथा जवळ, कडा लांब. तेवढंच चित्र, पण लांबवरचं, मग वस्तू मोठी असणार, असं मेंदू परस्पर ठरवून टाकतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब विद्वानानं या दिशेनंच विचार केला होता. 1962 साली अमेरिकेत कॉफमन आणि रॉक या दोघांनी काचेच्या मदतीनं आकाशात कृत्रिम चंद्र दाखवून मापं घेतली, आणि मधला भूभाग दिसणं हेच महत्त्वाचं ठरलं. त्यांच्या प्रयोगांत खालचा चंद्र साधारण दीडपट भरल्यासारखा वाटायचा.

मी रंगात आलो होतो. म्हटलं, याचा आणखी एक पुरावा दाखवतो. पाठ चंद्राकडे करायची, ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून बघायचं. देखावा उलटा झाला, की मेंदूचा नेहमीचा हिशेब गडबडतो आणि बऱ्याच जणांना चंद्र लहान दिसतो.

बघायला कोणी तयार होईना. शेवटी मीच ओणवा झालो. आणि खरंच, चंद्र आक्रसला! "लहान झाला, लहान झाला!" असं मी दोन पायांमधून ओरडत असताना भेळेची गाडी ढकलत निघालेला एक माणूस थांबला. "काका, चमक भरली व्हय? एकदम उठू नका." त्याच्या मागून आमच्या ऑफिसातले वरिष्ठ सपत्नीक चालले होते. मी त्यांना उलटाच नमस्कार केला. त्यांनीही केला, पण कुणाला ते मला अजून कळलेलं नाही.

बायको मात्र शांतपणे चंद्राकडे बघत होती. म्हणाली, "तुमचं सगळं पटलं. एकच विचारू? मेंदूला तो लांब वाटतो म्हणून मोठा दिसतो ना?"

"हो."

"मग मला तो इतका जवळ का वाटतोय? हात लांब केला तर लागेल असा."

मी कंबर धरून सरळ झालो. कारण हा प्रश्न मी टाळणार होतो. कुणालाही विचारा, उगवता चंद्र "जवळ आलाय" असंच म्हणतात. लांब म्हणून मोठा, आणि मोठा दिसतोय तरी जवळ! या विषयावर काम करणारे गेली कित्येक वर्षं इथेच अडले आहेत. काही म्हणतात, मेंदू नकळत अंतर धरून आकार ठरवतो, आणि मग आपण त्या मोठ्या आकाराकडे बघून "अरे, जवळ आहे" असा वरून शेरा मारतो. एकाच कागदावर दोन साहेबांच्या दोन सह्या. काही जण अंतराची भानगडच सोडतात आणि म्हणतात की शेजारच्या बारीक घरांमुळे चंद्र मोठा भासतो. पण मग उघड्या समुद्रावरही तो मोठा का दिसतो, हे राहतंच. एकमत नाही. बायकोनं अर्ध्या मिनिटात जिथे बोट ठेवलं, तिथे पोचायला मला तीन रात्री वाचावं लागलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

"ते जाऊ दे," ती म्हणाली, "पेपरात येतात तसे फोटो कसे काढतात? देवळाच्या कळसामागे भला मोठा चंद्र?"

याचं उत्तर मात्र मला पक्कं येत होतं. लांब जाऊन, मोठी लेन्स लावून. चंद्र कुठूनही तेवढाच राहतो, पण आपण मागे गेलो की कळस लहान होतो. "तुझ्या उंचीएवढा चंद्र तुझ्या मागे हवा असेल तर तुझी उंची गुणिले 110. तू 160 सेंटिमीटर, म्हणजे मी तुझ्यापासून 176 मीटर लांब उभं राहायला पाहिजे."

"मग उभे आहात काय? जा की."

गेलो. पावलं मोजत रंकाळ्याच्या काठानं गेलो, आणि पोचलो तेव्हा माझ्याकडे मोठी लेन्स नाही हे आठवलं. फोटोत बायको म्हणजे एक पुसट रेघ, शेजारी तेवढाच ठिपका. प्रमाण अगदी बरोबर होतं, पण ते दिसायला भिंग लागलं असतं. बंडू लांबून ओरडला, "दाजी, हवेचं भिंग वापरा की!"

मध्यरात्री गच्चीवर दुधात चंद्र पडला. वरचा चंद्र छोटा, पांढरा, जरासा पोरका वाटत होता. मी तोच कागद, तोच हात, तोच डोळा लावला. काठोकाठ. सगळ्यांना आळीपाळीनं दाखवलं. बंडूनंही बघितलं आणि गप्प बसला, म्हणून मला वाटलं जिंकलो.

"पैज काय होती?" त्यानं बायकोला विचारलं. "चंद्र मोठा दिसतोय का, हीच ना? तायडे, संध्याकाळी मोठा दिसला का न्हाई?"

"दिसला," बायको म्हणाली.

"आईंना दिसला?"

"परातीएवढा," आई म्हणाली.

सकाळी पाच मिसळींचे पैसे मी दिले. बंडूनं कट दोनदा मागून घेतला, ब्रेडचे चार स्लाइस जास्त घेतले, आणि वाटी हात ताणून डोळ्यासमोर धरत म्हणाला, "दाजी, हितनं लई लहान दिसतीया ओ. अजून एक सांगू?"