कपलर तुटतो म्हणून मिक्सरचा ब्रँड काढू नका

"ॲमेझॉन उघडा, भरपूर खपणारं प्रॉडक्ट निवडा, फक्त एक स्टारचे रिव्ह्यू वाचा. जी तक्रार सगळ्यात जास्त वेळा दिसेल तीच बाजारातली फट. ती दूर करणारं प्रॉडक्ट आणा, गिऱ्हाईक आधीच तयार बसलंय."

आमच्या कोथरूडच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला आणि भाचा चक्क मिक्सरचा ब्रँड काढायला निघाला. म्हणून मिक्सरच घेतो.

मिक्सरचे एक स्टारवाले रिव्ह्यू काढून बसा. खोकं चेपलेलं आलं, रंग दुसराच आला, सर्व्हिसवाला फिरकला नाही, यातच निम्मी पानं जातात. मग येतो 'जळका वास'. नव्या मोटरच्या वाइंडिंगवरचं वॉर्निश पहिल्या काही वेळा तापलं की वास येतो, तो पुढे जातो. 'पहिल्याच दिवशी बंद पडला' यातले काही मिक्सर मेलेले नसतातच. लोड जास्त झाल्यामुळे खालचं ओव्हरलोडचं बटण उडालेलं असतं, ते दाबलं की चालू. यात नवं यंत्र काढण्यासारखं काही नाही. कामाचं बोलणारा माणूस तीन स्टार देतो: "मसाला झकास होतो, पण चटणीच्या जारमध्ये मूठभर शेंगदाणे पात्याखालीच बसून राहतात." त्यानं वस्तू वापरलीय, आणि काय जमतं नि कुठे अडतं ते तो सांगतोय. आणखी एक: एकाच पानावर ५०० आणि ७५० वॅटचे रिव्ह्यू एकत्र दिसू शकतात. रिव्ह्यू कोणत्या मॉडेलचा आहे ती ओळ आधी बघा.

आता मोजणीचं. बरेचसे रिव्ह्यू माल हातात पडल्यावर थोड्याच दिवसांत लिहिले जातात. त्यामुळे आठवड्यात दिसणारा दोष ढीगभर मोजला जातो. आठ महिन्यांनी बुश झिजून जार खालून गळायला लागतो, तेव्हा परत येऊन लिहिणारे थोडेच. संख्या कमी म्हणजे त्रास कमी, असं नसतं. 'सहा महिन्यांनंतर अपडेट' असं लिहिलेले चार रिव्ह्यू मला पहिल्या आठवड्यातल्या चाळिसांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. शिवाय पेरलेले रिव्ह्यू आहेतच. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक म्हणून.

खरा घोळ 'तक्रार दूर करा' यात आहे. गिऱ्हाईक लक्षण सांगतं, कारण नाही. 'कपलर सारखा तुटतो' वाचून भाचा म्हणाला, मामा, आपण लोखंडी कपलर बसवू. अरे, मोटर नि जार जोडणारा तो तुकडा नायलॉनचा असतो त्यामागे कारण आहे! पातं अडकलं की स्वस्तातला कपलर तुटतो आणि मोटर वाचते. तो न तुटणारा केलास तर तोच दणका मोटरला बसेल. 'झाकण उडालं' याचंही तसंच. गरम ग्रेव्ही फिरवली की वाफ कोंडते आणि झाकण उसळतं. त्यावर घट्ट लॉकचं झाकण दिलंत, तर कोंडलेल्या वाफेचा जार तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देताय.

आणि तयार बसलेलं गिऱ्हाईक? चिडलेला माणूस तीन हजारांच्या जागी साडेचार हजार देईलच असं नाही. तक्रारीनंतर त्यानं काय केलं ते वाचा. 'बाहेरून कपलर आणून बसवला', 'दुसऱ्या कंपनीचा जार घेतला' असं दिसलं, तर तिथे खिशात हात गेलाय. मग सुट्या जार-कपलरची पानं उघडा. तिथली तक्रार सरळ असते: "माझ्या मिक्सरला बसत नाही." दाते, उंची, बैठकीचा व्यास, सगळं मॉडेलगणिक वेगळं. पुण्यातल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात, तापकीर गल्लीत, जुना कपलर दाखवला की दुकानदार नजरेनं जोडीचा काढून देतो. ऑनलाइन नेमकी ती नजर नसते. फट असलीच तर ही, आणि तिच्यासाठी साचा लागत नाही, मोटर तर नाहीच.

भाच्याला सांगितलंय, आधी वीस कपलर विक. गिऱ्हाइकाकडून जुन्याचा पट्टीशेजारी ठेवलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागव, मापं जुळव, मगच पाठव. समजा नगामागे ४० रुपये सुटतात आणि परत आलेल्या नगाला येण्याजाण्याचे १२० पडतात. वीसपैकी चार परत आले, तर सोळांवरच्या ६४० मधून ४८० गेले. उरले १६०, तेही फोटो तपासण्यात घातलेला वेळ फुकट धरून. सहा परत आले तर पदरचे १६० जातील. तसं झालं तर आधी फोटोवरून माप घेण्याची पद्धत सुधारायची, नाहीतर तापकीर गल्लीतल्या दुकानदारालाच भागीदार करून घ्यायचं.