कुंथावं लागतं म्हणून केगल? तो मेसेज थांबवा

«शौचाला कुंथावं लागतं, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, ओटीपोट दुखतं? खालचे स्नायू सैल पडलेत. रोज शंभर वेळा केगल करा.»

या तिन्ही तक्रारी एकत्र असतील, तर अनेकदा प्रकार नेमका उलटा असतो. जोर लावताना गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल व्हायला हवेत. काहींचे ते त्याच क्षणी आवळतात. याला पेल्व्हिक फ्लोअर डिस्सिनर्जिया म्हणतात. केगल म्हणजे हेच खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम. आधीच आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळायला शिकवलं, तर त्रास वाढू शकतो. लघवी किंवा शौच निसटत असेल, तर केगल उपयोगी, इथे नाही.

हे अंदाजाने ठरत नाही. डॉक्टर बोटाने तपासताना जोर लावायला सांगतात, तेव्हा पकड ढिली होते की घट्ट, हे कळतं. मग मॅनोमेट्री, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी, आणि ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा साधारण मिनिटभरात बाहेर टाकता येतो का, ही चाचणी.

उपचार म्हणजे बायोफीडबॅक. गुदाशयातल्या सेन्सरमुळे स्नायूंचा दाब पडद्यावर रेषेसारखा दिसतो. पोटाने हलका जोर द्यायचा आणि खालच्या स्नायूंची रेषा उतरताना बघायची, हे चार-सहा बैठकांत शिकवतात. २००६ च्या एका तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांनी बायोफीडबॅक घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांना ठळक फरक पडला, रेचक घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना.

शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी त्याची तपासणी.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे कळवा.