कपाटामागची बुरशी परत आली, त्या तक्रारीला आमचं उत्तर

"मे महिन्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवरची बुरशी काढायला साडेचार हजार घेतले. ऑगस्टमध्ये कपाट सरकवलं तर पुन्हा तेच काळे डाग, कपड्यांनाही कुबट वास. फोन केला तर यांचा माणूस म्हणे, भिंतीत पाणी झिरपतंय, वॉटरप्रूफिंगचे बावीस हजार वेगळे. एक तारा, तोही नाइलाजाने."

ताई, नमस्कार. आधी बावीस हजारांचं बोलतो. ते वॉटरप्रूफिंग करू नका. आमच्या माणसाने भिंत न बघता फोनवर सांगितलं, ते चुकलंच.

मंगळवारी मी स्वतः आलो तेव्हा भिंतीला एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला होता, आठवत असेल. पाणी भिंतीतून येत असेल तर ते प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरल्यासारखं साचतं. दोन दिवस जळगावात बऱ्यापैकी पाऊस होता, तरी गुरुवारी काढला तेव्हा आतली बाजू कोरडी होती. (कोरड्या दिवसांत ही परीक्षा घेतली तर तिचा भरवसा धरू नये.) बाहेरून गच्चीच्या कठड्यापासून खिडकीच्या छज्जापर्यंत पाहिलं, कुठे तडा नाही. शिवाय झिरपलेल्या पाण्याचा डाग पिवळट कडेचा असतो आणि तड्यापासून पसरतो. तुमच्याकडे काळे ठिपके बरोबर कपाटाच्या मापात आहेत: कपाट संपलं की डाग संपला, आणि सगळ्यात दाट खालच्या दीड फुटात आणि कोपऱ्यात.

म्हणजे ओल खोलीतल्या हवेतली आहे. पश्चिमेची भिंत पावसाने भिजून गार होते, कपाट तिला चिकटून, मागे वारा शिरत नाही. तिथली हवा दमट होऊन तशीच कोंडून राहते. बुरशीला पाणी ओघळायची गरज नसते, एवढ्या दमटपणात ती धरते. त्यात आपल्या खान्देशाची एक सवय: उन्हाळ्यात लावलेला कूलर जुलैतही चालूच. मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलरचं पाणी पचून जातं. पावसाळ्यात खिडकी बंद करून तोच कूलर म्हणजे रात्रभर खोलीत वाफ सोडणं. तुमच्याकडे तो अजून पाणी घालूनच चालू होता. आजीच्या धाब्याच्या घरात भिंतीतच कोनाडे असायचे, तिथे असलं काही व्हायला जागाच नव्हती.

आता आमची चूक. पोराने जुन्या डिस्टेंपरवरच ब्लीचचं पाणी मारलं, डाग पांढरा झाला, आणि त्यावर रंग चढवला. ब्लीचने रंग उडतो, पण डिस्टेंपरच्या थरात मुरलेली बुरशी तशीच राहते. आणि कपाट ओढून मागची प्लाय पाहिलीच नाही. मी बोट फिरवलं तर काळी पावडर लागली! भिंत साफ करून तेच कपाट लावलं म्हणजे बी पुन्हा पेरल्यासारखं झालं.

या वेळी असं करू. डिस्टेंपर आधी पाण्याने भिजवून, मग खरवडून थेट गिलाव्यापर्यंत काढायचं. कोरडं घासलं तर कण अख्ख्या खोलीत उडतात, म्हणून माणूस मास्क घालून येईल आणि दार बंद ठेवील. मग साबणाच्या पाण्याने धुऊन बुरशीनाशक लावायचं, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं. कपाटाची पाठही तशीच पुसून, ऊन असेल त्या दिवशी बाहेर काढायची. एक विनंती: तुम्ही सांगितलंत की मध्ये टॉयलेट क्लीनरही ओतून पाहिलं होतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो, आम्ही येईपर्यंत भिंतीवर काहीच लावू नका.

रंग मात्र आत्ता देणार नाही. पावसाळ्यात भिंत वाळत नाही, ओल्यावर रंग मारला की पोपडे येतील आणि तुम्ही पुन्हा इथेच लिहाल, तेही बरोबरच असेल. दसऱ्यानंतर भिंत कोरडी झाली की लांबी न भरता बुरशीरोधक इमल्शनचे दोन हात. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि खाली लाकडी ठोकळे, म्हणजे वारा खालून वर जाईल. मागे गोधड्या कोंबू नका. कूलर आता बंदच, किंवा पाणी न घालता नुसता पंखा.

मजुरी आणि सामान दोन्ही आमचं, तुमचा एक रुपया नाही. रविवारी सकाळी नऊला दोन माणसं घेऊन मी येतो. तेवढा खालचा कप्पा रिकामा करून ठेवा, नाहीतर कपाट हलत नाही.