व्याजदर वाढले की रुपया वधारतो, आणि इतर पाठांतर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अर्थसाक्षरतेवर व्याख्यान झालं. वक्ते तरुण होते, आवाज गोड, पडद्यावर चार बाण. देशातले व्याजदर वर, म्हणून परदेशी पैसा आत, म्हणून रुपया वर, म्हणून निर्यात खाली. मी हात वर केला आणि विचारलं, "व्याजदर वर म्हणजे कोणापेक्षा वर?" वक्ते हसले. म्हणाले, "काका, आधी बेसिक्स पक्के करू या." हॉलभर हशा पिकला. बायकोने माझी बाही ओढली. नंतरच्या चहाच्या वेळी तीन जणांनी जवळ येऊन सांगितलं की प्रश्न शेवटी विचारायचे असतात.

मी भोसरीत ॲल्युमिनियमचे मशीन केलेले सुटे भाग करतो आणि अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला पाठवतो. बिल डॉलरमध्ये. त्यामुळे माझं डोकं साहजिकच बेसिक्सच्या खालच्या पातळीवर चालतं. तरीही तुमच्यापैकी ज्यांना त्या वक्त्यांसारखं जाणकार व्हायचंय, त्यांच्यासाठी अनुभवातून काही सूचना देतो.

सगळ्यात आधी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवल्याची बातमी आली की ताबडतोब बोला. अमेरिकेत त्याच दिवशी काय झालं हे बघत बसू नका, त्यात वेळ जातो.

आता ४ मे २०२२ चंच घ्या. रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना दुपारी अचानक रेपो ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला. संध्याकाळपर्यंत सगळे बाण पाठ झालेले होते. त्याच रात्री, आपल्याकडे साडेअकराच्या सुमारास, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, आपला दर अर्ध्या टक्क्याने वाढवला. म्हणजे आपण ०.४० वाढवले आणि त्यांनी ०.५०. दर वाढवूनही आपण त्यांच्या मानाने मागेच सरकलो. पण ती बातमी रात्री आली आणि जाणकार लवकर झोपतात.

पुढचं साधं वजाबाकीचं गणित आहे, तेही करू नका. त्या वर्षी फेब्रुवारीत आपला रेपो ४ आणि फेडच्या दराची वरची मर्यादा ०.२५, म्हणजे फरक ३.७५. डिसेंबरअखेर आपला ६.२५ आणि त्यांचा ४.५०, म्हणजे फरक १.७५. आपण सव्वादोन टक्के चढलो आणि फरक दोन टक्क्यांनी आटला. न्यूयॉर्कमधल्या पैशाला आपल्या दराशी देणंघेणं नसतं, या फरकाशी असतं. घरबसल्या, कसलीही जोखीम न घेता साडेचार टक्के मिळायला लागले, तर तो रुपयाची धाकधूक घेऊन मुंबईला कशाला येईल? आपल्याकडे येणारा बराचसा परदेशी पैसा तर रोख्यांत नसतोच, शेअर बाजारात असतो, आणि दर वाढले की शेअर बाजाराचं तोंड आंबट होतं. २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून एक लाख वीस हजार कोटी रुपयांच्या वर काढून नेले. बाण आत येणारा होता. पैसा बाहेर गेला.

दुसरी सूचना: बँकेतल्या गोड आवाजावर विश्वास ठेवा.

मी ठेवला होता. त्या ४ मेनंतर दोनच दिवसांत फोन आला. "सर, रेट वाढतायत, रुपया स्ट्राँग होणार. पुढचे सगळे डॉलर आत्ताच फॉरवर्डला बुक करून टाका." फॉरवर्ड म्हणजे पुढे येणारे डॉलर बँकेला कोणत्या भावाने विकायचे ते आजच पक्कं करणं. डॉलर तेव्हा ७६ रुपये ४० पैशांच्या आसपास होता आणि मला नोव्हेंबरसाठी ७७ रुपये ६० पैशांचा भाव सांगितला गेला. वर पुस्ती अशी की हे एक रुपया वीस पैसे जास्त मिळतायत हा तुमचा फायदाच.

हा फायदा कुठून येतो, हे जाणकाराने कधीही विचारू नये. मी विचारलं नाही. नंतर एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा अमेरिकेत वर्षाचं व्याज एक टक्का आहे आणि इथे पाच. अमेरिकन माणूस १०० डॉलर घेऊन आला, डॉलर ७६ ला, त्याचे झाले ७६०० रुपये. वर्षाने ७९८०. आता त्याला परत डॉलर हवेत, आणि रुपया घसरला तर काय, म्हणून तो आजच वर्षानंतरचा भाव पक्का करायला गेला. बँक त्याला ७९ च्या आसपासचा भाव देते. ७९८० भागिले ७९, म्हणजे १०१ डॉलर. आले किती? घरी बसून मिळाले असते तेवढेच. इथलं चार टक्के जास्तीचं व्याज त्या पक्क्या भावाने गिळून टाकलं. माझा एक रुपया वीस पैशांचा फायदा म्हणजे हाच व्याजातला फरक, सहा महिन्यांपुरता. त्यात भविष्यवाणी कसली? आणि रुपया स्ट्राँग होणार म्हणणाऱ्याच्याच त्या भावात डॉलर आजच्यापेक्षा महाग धरलेला होता.

म्हणजे भाव पक्का करून येणाऱ्याला आपल्या वाढलेल्या व्याजातून काही सुटत नाही. सुटतं ते भाव पक्का न करता, रुपया पडणार नाही यावर पैज लावून येणाऱ्याला. ती पैज तो कधी लावतो? रुपया पडणार नाही असं त्याला वाटतं तेव्हा. आणि २०२२ मध्ये तेल शंभर डॉलरच्या वर, युक्रेनचं युद्ध, आपलं बहुतेक सगळं तेल बाहेरचं, त्यासाठी रोज डॉलरची खरेदी. लावेल कोण पैज? खुद्द रिझर्व्ह बँकेला जुलैत अनिवासी भारतीयांच्या ठेवींवरची व्याजाची मर्यादा काही काळ उठवावी लागली, डॉलर यावेत म्हणून. नुसत्या रेपोने ते येत असते तर हा उपद्व्याप कशाला केला असता?

असो. मी दीड लाख डॉलर ७७.६० ला बुक केले. जुलैत डॉलर ८० ला लागला. १९ ऑक्टोबरला ८३ च्या वर गेला. इथवरही मी मनाला समजावलं की पक्का भाव हा लॉटरीसाठी नसतो, झोप लागावी म्हणून असतो. पण तिकडे अमेरिकेत दर वाढले, तशी गिऱ्हाइकाच्या गोदामातला माल उठेनासा झाला आणि त्याने ऑर्डर कापली. माझ्याकडून गेले नव्वद हजार डॉलरचे भाग. उरलेल्या साठ हजार डॉलरचं मी काय करणार होतो? जे येणारच नव्हते ते बँकेला देऊ कुठून? करार रद्द करावा लागला, म्हणजे बाजारभावाने डॉलर घेऊन ते बँकेला माझ्या भावाने दिल्यासारखंच. बाजारभाव ८२.४०, माझा ७७.६०, फरक चार रुपये ऐंशी पैसे. साठ हजार गुणिले चार रुपये ऐंशी पैसे, म्हणजे २ लाख ८८ हजार रुपये खात्यातून वळते. गोड आवाज तोवर दुसऱ्या शाखेत बदलून गेला होता.

तिसरी सूचना: रुपया फार पडू नये म्हणून रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते, हे विसरून जा. बाणात तिला जागा नाही.

चौथी सूचना निर्यातीविषयी. पडद्यावर लिहिलं होतं, रुपया वधारला की निर्यात घटते, उतरला की वाढते. छान आहे. रुपया उतरला तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाची मेल आली. मजकूर थोडक्यात असा की तुमचा रुपया पडलाय, तुम्हाला जास्त मिळतंय, आम्हाला चार टक्के सूट द्या. बिल डॉलरमध्ये असतं, तिथला भाव आपोआप स्वस्त होत नाही, तो असा हातापायी करून स्वस्त करून घेतला जातो. ॲल्युमिनियमचा भाव लंडनच्या बाजारावरून ठरतो, तोही डॉलरमध्ये. जहाजाचं भाडं डॉलरमध्ये. उरलं काय, तर भोसरीची वीज आणि कामगारांचे पगार. आणि ज्याच्या गोदामात माल पडून आहे, तो रुपया कितीही पडला तरी नवीन मागवत नाही.

बाण उलट्या बाजूनेही निघतो, तो पडद्यावर नव्हताच. व्याज वाढलं की इथला माणूस गाडी, फ्लॅट, नवा टीव्ही पुढे ढकलतो. बाहेरून येणारा माल कमी होतो. आयात घटली तर निव्वळ निर्यात, म्हणजे निर्यातीतून आयात वजा करून उरते ती, सुधारते. म्हणजे एकाच दरवाढीचे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. कोण जिंकतं ते त्या वर्षाच्या तेलावर, मागणीवर अवलंबून. पण एवढं सांगितलं तर चहा थंड होतो.

बाण खोटा आहे असंही नाही हो. २००९-१० मध्ये अमेरिकेचे दर शून्याजवळ आणि ब्राझीलचे भरपूर वर होते. पैसा इतका आला आणि त्यांचं चलन इतकं चढलं की तिथले कारखानदार ओरडायला लागले. सरकारने बाहेरून रोख्यांत येणाऱ्या पैशावर आधी २ टक्के कर लावला, मग २०१० च्या ऑक्टोबरात ४ आणि त्याच महिन्यात ६. तिथे बाण बरोबर लागला, कारण फरक मोठा होता, टिकून होता, आणि चलन पडेल अशी भीती कुणाला नव्हती. या तीन गोष्टी असतील तर खुशाल बाण काढा.

पण त्या तरुणाने त्या तीन गोष्टी सांगितल्या का? नाही. तुम्ही विचारल्या का? तेही नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या. अहो, दर वाढल्याने माझं नक्की काय वाढलं ते ऐका. माझं ८० लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेलं कर्ज, रेपोला जोडलेलं आहे. सव्वादोन टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार रुपये जास्तीचं व्याज. ती साखळी मात्र लगेच चालली, एकही बाण चुकला नाही. तुमच्या गृहकर्जाचंही तेच झालं असणार. मेसेज आला असेल, तुम्ही वाचला नसेल.

आणि बाही ओढणारे, प्रश्न शेवटी विचारा म्हणणारे! शेवटी वेळ संपलेली असते, हे तुम्हालाही माहीत आहे. "कोणापेक्षा?" हा एक शब्द होता. तो बेसिकच्या आधीचा आहे. ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही, त्याला माझ्यासारख्या दहा कारखानदारांसमोर उभं करू नका. त्यातला एखादा सोमवारी बँकेत जाऊन सही करून येतो. माझ्या करार रद्द केल्याचा कागद दुसऱ्या मजल्यावर, आमच्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. २ लाख ८८ हजारांची ओळ मी पिवळ्या मार्करने रंगवून ठेवली आहे. बघायला या.