दंड माफ करा म्हणताना नेमकं काय माफ करायचं?

पक्की ऑर्डर रद्द करून दंड माफ करावा, अशी विनंती कशी लिहावी याचं नमुना पत्र मी एका जुन्या लेखात दिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. पक्की ऑर्डर द्यायची, आम्ही कच्चा माल उचलायचा, मग 'अपरिहार्य कारणास्तव' रद्द करायची आणि वर दंडही माफ करा म्हणायचं? तुमच्या नमुना पत्रात आमच्या खर्चाबद्दल एक ओळ नाही. गोड भाषेत लिहिलं म्हणून दुसऱ्याचं नुकसान कमी होत नाही. असले सल्ले देऊन तुम्ही सप्लायरलाच खड्ड्यात घालताय."

उत्तर:

'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द मी मुकाट्याने मागे घेते. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही, आणि तुम्हाला ते वाचून राग आला असेल तर तो रास्त आहे. पण दंड आणि नुकसान या दोन गोष्टी तुम्ही एकच धरताय, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. माझ्यावर गुदरलेला प्रसंगच सांगते. त्या लेखात तो यायला हवा होता. लाजेपोटी मी तो गाळला होता.

आमचा चिवड्याचा छोटा कारखाना आहे. २०० ग्रॅमच्या पाकिटासाठी मी पुण्याकडच्या एका पॅकेजिंगवाल्यांना ५०० किलो छापील लॅमिनेटची ऑर्डर दिली होती. दर किलोला २६० रुपये, म्हणजे एक लाख तीस हजार. डिझाइन पाच रंगांचं, प्रत्येक रंगाला छपाईचा एक सिलिंडर, सहा हजारांचा एक, असे तीस हजार वेगळे. सिलिंडरचे पूर्ण आणि मालाचे निम्मे, पासष्ट हजार, आगाऊ भरले. ऑर्डर रद्द केल्यास मालाच्या किमतीच्या २० टक्के कापून घेऊ, असं त्यांच्या कागदावर छापलेलं होतं. म्हणजे सव्वीस हजार. दहा दिवसांनी, ज्या दुकानसाखळीसाठी हे पाकीट होतं तिने आमचा माल घेणं थांबवलं. पाकिटावर त्यांचं नाव छापायचं होतं, त्यामुळे ते मला दुसरीकडे वापरता येणार नव्हतं.

मी पत्र लिहायच्या आधी फोन केला आणि एकच विचारलं: "जॉब मशीनवर चढलाय का?" सगळं या उत्तरावर ठरतं. आमच्या लॅमिनेटचे तीन थर असतात: वर छापलेलं पॉलिस्टर, मध्ये धातूचा मुलामा दिलेलं चकचकीत मेट-पेट आणि आत पॉली. छपाई होईपर्यंत पॉलिस्टर आणि मेट-पेट हे बाजारातले साधे रोल असतात, उद्या दुसऱ्याच्या जॉबला लागतात. पॉलीची फिल्म मात्र बहुतेक वेळा त्याच जॉबच्या रुंदीला आणि जाडीला मशीनवर काढतात. आणि एकदा छापलं की माझ्या नावाचा माल जगात दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. थर चिकटल्यावर तर तो धड भंगारातही नीट जात नाही.

उत्तर आलं की सिलिंडर तयार आहेत, छपाई व्हायची आहे, पण लागणाऱ्या पावणेतीनशे किलोपैकी १६० किलो पॉली काढून झालंय. मी तिथेच म्हटलं, "कृपा करून आता पुढचं काम थांबवा, तासाभरात मेल पाठवते." हा तास महत्त्वाचा आहे. मेल पोचल्यानंतरही कुणी छपाई करत बसलं, तर तो वाढीव खर्च ऑर्डर देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. नुकसान टाळता आलं असतं का, हे भरपाई ठरवताना पाहिलंच जातं.

त्या मेलचा मुख्य भाग असा होता:

> स. न. वि. वि. फोनवर बोलल्याप्रमाणे ५०० किलोची ऑर्डर आजपासून रद्द करावी ही विनंती. ज्या दुकानांसाठी पाकीट होतं त्यांनी खरेदी थांबवल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. चूक तुमच्याकडून काहीच झालेली नाही.
>
> सिलिंडरचे तीस हजार आम्ही परत मागत नाही. काढून झालेल्या पॉलीत तुमचं जे प्रत्यक्ष नुकसान होईल ते आगाऊ रकमेतून कापून घ्या, फक्त आकडा कळवा. छपाई सुरू झालेली नसल्याने २० टक्के दंड मात्र माफ करावा, अशी विनंती आहे. साध्या पाकिटाची आमची पुढची ऑर्डर तुमच्याकडेच देण्याचा विचार आहे, पण ही विनंती त्यावर अवलंबून नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पॉली अरुंद कापून दुसऱ्या जॉबला लावणार होते, त्यात कडेची पट्टी वाया जाणार, शिवाय काढायची मजुरी. त्याचे नऊ हजार कापले. उरलेल्या छप्पन्न हजारांपैकी छत्तीस परत आले, वीस पुढच्या ऑर्डरीत वळते झाले. आता सांगा, यात कोण खड्ड्यात गेलं? त्यांचा खर्च त्यांना मिळाला. माफ झाला तो खर्चाच्या वरचा भाग.

कायदाही साधारण इथेच येऊन थांबतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंड ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, छापलेला आकडा आपोआप जसाच्या तसा मिळत नाही. पण हे कलम मी पत्रात कधीच घालत नाही. विनंतीच्या पत्रात कलम आलं की पुढचं उत्तर वकिलाकडून येतं, आणि सव्वीस हजारांसाठी वकील दोघांनाही परवडत नाही.

कारणांबद्दल तुमचा मुद्दा उरतो. कारण असं हवं जे समोरच्याला तपासता येईल, म्हणून मी दुकानांचं पत्र जोडलं. 'मार्केट डाऊन आहे' किंवा घरातलं आजारपण लिहू नये. पहिलं सगळेच सांगतात आणि दुसऱ्यावर कुणाला प्रश्न विचारता येत नाही. दुसरीकडे दोन रुपये स्वस्त मिळालं म्हणून रद्द करत असाल, तर दंडमाफी मागूच नका, दंड भरा आणि मोकळे व्हा. माल छापून झाला असेल तरीही तेच. तेव्हा रद्द करण्याऐवजी फार तर दोन हप्त्यांत उचलू का, असं विचारावं.

एक गोष्ट तेव्हा माझ्याकडून राहिली होती आणि ती महागात पडता पडता वाचली. माफी त्यांच्या मार्केटिंगच्या माणसाने फोनवर दिली होती, अकाउंट्सला कुणी सांगितलंच नाही, आणि महिनाअखेरच्या खातेउताऱ्यात पुरे सव्वीस हजार नावे पडले. मालकांना फोन केल्यावर ते निघाले. त्यामुळे आता मी होकार मिळाला की लगेच एक ओळ लेखी मागते: ऑर्डर रद्द मान्य, कपात इतकी, परतावा इतका, याखेरीज येणे-देणे नाही.

तुमच्या खोक्यांच्या धंद्यात रेघ कुठे ओढायची हे तुम्हीच सांगू शकाल. माझा अंदाज असा की क्राफ्ट कागदाचं रील नुसतं पडून असेल तोवर ते कुणाचंही आहे, पण शीट मापाला कापून घडी पाडली की ते त्या गिऱ्हाइकाचंच. बरोबर असेल तर कळवा. जुन्या लेखातलं नमुना पत्र मी काढून टाकलंय, त्या जागी वरचं घातलंय, आणि खोक्यांचं उदाहरण तुमच्याकडून आलं तर तेही घालेन.