सॅम्पल शंभर, बाकी सीनियरचं

«छोट्या अभ्यासाला एथिक्सचं एवढं टेन्शन घेऊ नका. मेथड्स सीनियरच्या प्रोटोकॉलमधून उचला. सॅम्पल १०० लिहा, कोणी विचारत नाही. केसपेपरच बघायचे असतील तर कन्सेंट लागत नाही. आणि सीझन निघून जात असेल तर डेटा आधी गोळा करा, लेटर नंतर येतंच.»

पावसाळा आला की हा मेसेज पीजींच्या ग्रुपवर फिरू लागतो. मी खानदेशातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत बसतो. अर्ज परत पाठवणाऱ्यांपैकीच एक, म्हणून हे लिहितोय. उदाहरण एकच घेतो, गेल्या हंगामात आमच्यासमोर आलेलं, एका पीजी मुलाच्या अर्जाचं. साप चावल्यापासून एएसव्हीची, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाची, पहिली मात्रा मिळेपर्यंत किती वेळ जातो, आणि तो वेळ कुठे जातो? नवं औषध नाही, जास्तीची सुई नाही.

तरी त्या अर्जाच्या मेथड्समध्ये एक वाक्य होतं: ‘सर्व सहभागींचे ५ मिली रक्त घेण्यात येईल.’ सीनियरचा विषय ॲनिमिया होता, तिथून ते आलेलं. आमच्यातल्या कुणाही डॉक्टरला ते खटकलं नाही. खटकलं ते कमिटीवरच्या निवृत्त शिक्षिकेला. त्या म्हणाल्या, «माहितीपत्रकात रक्त घेणार नाही म्हणता, इथे पाच मिली काढता. पेशंटने कुठलं खरं मानायचं?»

अशी चूक पकडली जाते आणि दुरुस्तही होते. खरं नुकसान वेगळंच होतं. उचललेल्या मजकुरात तुमच्या वॉर्डात काय घडणार हे येतच नाही. या अभ्यासात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, एएसव्ही, निरीक्षण हे सगळं उपचारात होणारच आहे. अभ्यासाचं म्हणून जास्तीचं काय? एक पंधरा मिनिटांची मुलाखत आणि केसपेपरवरून घेतलेल्या काही नोंदी. ही रेघ मेथड्समध्ये स्पष्ट ओढा. जोखीम कमीत कमी आहे की नाही, हे कमिटी त्या रेघेवरूनच ठरवते.

आता आकडा. समजा चार तासांनंतर पोचणारे ३० टक्के असतील असं धरलं, आणि उत्तर १० टक्क्यांनी मागेपुढे झालेलं चालणार असेल. मग १.९६ चा वर्ग गुणिले ०.३ गुणिले ०.७, भागिले ०.१ चा वर्ग. येतात ८१. पाच टक्क्यांपर्यंत नेमकेपणा हवा असेल तर ३२३. शंभर कुठून आले हे आम्ही त्या मुलाला विचारलं, तेव्हा तो हसला.

पण सूत्रानेही काम संपत नाही. रेकॉर्ड सेक्शनकडून फक्त महिनावार बेरजा मागवल्या. जून ते ऑक्टोबर सर्पदंशाच्या भरती १०४, त्यात एएसव्ही लागलेले ६०. बाकीचे बिनविषारी साप किंवा चावूनही विष न गेलेले. म्हणजे एका हंगामात ८१ मिळणारच नाहीत. मग दोन रस्ते उरतात: दोन हंगाम करा, किंवा ‘हंगामात एएसव्ही दिलेले सलग सर्व रुग्ण, अंदाजे ६०, उत्तर साधारण १२ टक्क्यांनी मागेपुढे’ असं सरळ लिहा. आम्हाला दोन्ही चालतं. ज्यातून काही कळणारच नाही अशा मुलाखतीसाठी आजारी माणसाला बसवून ठेवणं चालत नाही.

याच जागी एक सापळा आहे. ‘संमती देऊ शकणारे, १८ वर्षांवरील भरती रुग्ण’ असा निकष कुठल्याही प्रोटोकॉलमधून उचलता येतो. इथे त्या एका ओळीने आल्यावर तासाभरात दगावलेले, नाशिककडे रेफर झालेले आणि लहान मुलं बाहेर गेली. सगळ्यात जास्त उशीर झालेले बहुतेक त्यांच्यातच असणार. उशिराचा अभ्यास, आणि उशीर झालेलेच वजा! मुलं घ्यायची तर पालकांची संमती आणि वयाप्रमाणे मुलाचा होकार कसा घेणार ते लिहावं लागतं. दगावलेल्यांच्या आणि रेफर झालेल्यांच्या वेळा केसपेपरवरून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी संमतीतून सूट मागावी लागते.

हो, मागावी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा सुटीची तरतूद आहे. जुन्या नोंदींचा अभ्यास, ज्यात ओळख काढून टाकलेली आहे किंवा माणसाशी संपर्क शक्य नाही, तिच्यात बसतो. पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, अर्जदार नाही. तेव्हा कोणत्या नोंदींसाठी, का, आणि त्यातून नाव कसं काढणार, एवढं तुम्ही लिहायचं. गावाचं नावही काढा. वीस घरांच्या पाड्यावर ‘३५ वर्षांची स्त्री, सर्पदंश, ऑगस्ट’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

शिवाय हा अभ्यास नुसत्या केसपेपरवर होतच नाही. कागदावर असतं ‘काल रात्री सर्पदंश’. रात्री म्हणजे आठ की तीन? ते विचारायला माणसापाशी जावंच लागतं. मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटलेल्या, जीभ जड, शेजारी भेदरलेला भाऊ. त्या क्षणी तो कुठल्याही कागदावर अंगठा देईल. ती संमती नव्हे. म्हणून मेथड्समध्ये वेळ लिहा: उपचार आधी, रुग्ण बोलता झाल्यावर आणि डॉक्टरांनी स्थिर म्हटल्यावर मुलाखत, तीही उपचार न करणाऱ्या माणसाने घ्यायची.

भाषाही लिहा. मराठी फॉर्म धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या बाईला वाचून दाखवला, एवढ्याने भागत नाही. त्या मुलाने दुभाषी म्हणून वॉर्डातल्या मावशींना घेतलं होतं, ते ठीकच. पण साक्षीदार म्हणूनही त्यांचीच सही होती. वाचता न येणाऱ्याच्या संमतीला साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला लागतो. दुभाषी एक, साक्षीदार दुसरा.

प्रश्नावली मेथड्सला जोडलेली असते, तीही आम्ही वाचतो. ‘भगताकडे गेला होता का?’ असं रुग्णालयात विचारलं की उत्तर एकच येतं: नाही. ‘चावल्यावर आधी कुठे गेलात? मग कुठे?’ असं विचारलं की वाट आपोआप उलगडते. वेळेचंही तसंच. घड्याळ कुणी पाहिलेलं नसतं, पण रात्री पाणी भरायला गेलेल्याला थ्री फेज लाइट किती वाजता आली हे पक्कं ठाऊक असतं. तिथून मागेपुढे मोजता येतं. अशी काढलेली वेळ ‘अंदाजे’ या वेगळ्या खुणेने नोंदवायची, हेही मेथड्समध्ये हवं.

राहिलं मंजुरीचं लेटर. मागच्या तारखेची मंजुरी नसते. गोळा झालेल्या डेटावर कमिटी नंतर सही करू शकत नाही. हंगामाची अडचण खरी आहे, म्हणूनच अर्ज उन्हाळ्यात यायला हवा.

त्या मुलाने ग्रुपवरचं ऐकून मंजुरीआधीच १४ फॉर्म भरले होते. ते त्याने स्वतःहून सांगितलं, ही त्याची जमेची बाजू. ते फॉर्म वापरता आले नाहीत. सुधारित मेथड्समध्ये त्याने ६० खोडून ४६ लिहिले, आणि १२ टक्क्यांच्या जागी १३.